चार अक्षरी क्लॅन टॅग हवा आहे: दिसायला धारदार आणि फक्त आमचाच

समुद्रपक्षी (मालवण)

नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र गेली दोन वर्षे मोबाइलवर बॅटल रोयाल खेळतो. दोघे मालवणचे, एक देवगडचा आणि एक वेंगुर्ल्याचा. आमचा जुना टॅग KILR असा होता. गेल्या महिन्यात एका स्थानिक स्पर्धेत आम्ही सहा सामने खेळलो आणि संध्याकाळी गुणतक्ता आला तेव्हा आमचे दोन सामन्यांतले अकरा किल दुसऱ्याच स्क्वॉडच्या नावापुढे लागलेले दिसले. त्या स्क्वॉडचा टॅग KlLR होता. हे दोन टॅग तुम्हाला सारखेच दिसत असतील तर आमचे दुःख तुम्हाला समजले आहे. आमच्या टॅगमध्ये मोठा आय आहे आणि त्यांच्या टॅगमध्ये छोटा एल. आयोजकांनी निकालाच्या पडद्याचे स्क्रीनशॉट पाहून हाताने तक्ता भरला होता. आम्ही तक्रार केली, परंतु तोपर्यंत बक्षीस वाटून झाले होते.

आता पुढच्या स्पर्धेच्या नोंदणीला पंधरा दिवस उरले आहेत. आमच्या गेममध्ये खेळाडूच्या नावाला १४ अक्षरांची मर्यादा आहे आणि टॅग त्या नावातच लिहावा लागतो, म्हणून टॅग चारच अक्षरांचा असावा असे आम्ही ठरवले आहे. तो दिसायला धारदार हवा, कोकणातला वाटला तर उत्तमच, आणि दुसऱ्या कोणाचा नसावा. आत्तापर्यंत सुचलेले KOKN, DRYA आणि WAVE आमच्याच मनाला उतरलेले नाहीत.

बांगडा_फ्राय (रत्नागिरी)

यात विचार करण्यासारखे काय आहे? BANG घ्या. मराठीत बांगडा आणि इंग्रजीत बंदुकीचा आवाज, एका दगडात दोन पक्षी. मोठ्या लिपीत लिहिले की कोणताही शब्द धारदारच दिसतो. मानधन म्हणून चार तळलेले बांगडे पाठवावेत.

निवांत_काका (चिपळूण)

माझ्या माहितीप्रमाणे क्लॅनचा टॅग आपल्याला निवडताच येत नाही. मी क्लॅश ऑफ क्लॅन्स बरीच वर्षे खेळतो आहे. तिथे क्लॅन तयार केला की # या चिन्हाने सुरू होणारा टॅग कंपनीच देते आणि तो पुढे कधीही बदलत नाही. त्यामुळे मूळ प्रश्न मला नीटसा समजला नाही.

रूम_होस्ट (रत्नागिरी)

काका, तुम्ही म्हणता ते तुमच्या गेमपुरते अगदी बरोबर आहे, पण तो टॅग म्हणजे क्लॅनचा ओळख क्रमांक आहे. समुद्रपक्षी ज्याबद्दल विचारत आहेत तो टॅग म्हणजे स्क्वॉडचे सगळे खेळाडू आपल्या नावापुढे लावतात तो छोटा शिक्का. NOVA, NAVI, SouL ही त्याची सर्वांना माहीत असलेली उदाहरणे आहेत.

तरीही काकांच्या उत्तरात एक उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. त्या # टॅगमध्ये संपूर्ण वर्णमाला वापरलेली नाही. त्यात फक्त चौदा चिन्हे येतात: 0 2 8 9 P Y L Q G R J C U V. त्यांत शून्य आहे, म्हणून O नाही. आठ आहे, म्हणून B नाही. दोन आहे, म्हणून Z नाही. I आणि 1 यांना तर दोघांनाही बाहेर ठेवले आहे. हे टॅग लोक एकमेकांना वाचून दाखवतात आणि हाताने टाइप करतात, तेव्हा हमखास गफलत करणाऱ्या या जोड्यांतला निदान एक जोडीदार इथे उरलेलाच नाही. KILR चे जे झाले ते अशा चाळणीतून गेलेल्या टॅगचे झाले नसते.

मी दर आठवड्याला कस्टम रूम चालवतो, त्यामुळे तक्ता भरणाऱ्याची बाजूही सांगतो. रात्री साडेअकरा वाजता, व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये, सोळा स्क्वॉडची नावे वाचताना मी अक्षरे वाचत नाही, आकार ओळखतो. पहिले अक्षर आणि शब्दाची एकंदर घडण एवढेच डोळ्यांत राहते. बांगडा_फ्राय यांना नम्रपणे सांगतो की BANG मला माझ्या रूममध्ये तीन वेगवेगळ्या स्क्वॉडनी दिलेला आहे, आणि तिघांनाही तो आपल्यालाच प्रथम सुचला असे वाटत होते.

बांगडा_फ्राय (रत्नागिरी)

तिघेही रत्नागिरीचेच असणार. चव सगळ्यांना सारखीच आहे.

शिडाची_होडी (देवगड)

मी या खेळांतला नाही, माझा भाचा खेळतो. मी होड्यांवर नावे आणि नोंदणीचे क्रमांक रंगवतो आणि या कामाला आता सव्वीस वर्षे झाली. "मोठ्या लिपीत लिहिले की धारदार दिसते" या वरच्या विधानाला माझा आक्षेप आहे.

धार येते ती सरळ रेघांमुळे आणि कोनांमुळे. रोमन मोठ्या अक्षरांपैकी A E F H I K L M N T V W X Y Z ही पंधरा अक्षरे केवळ सरळ रेघांची आहेत. बाकीच्या अकरांमध्ये कुठे ना कुठे वळण येते. BANG मधले B आणि G गोल आहेत, त्यामुळे तो शब्द लांबून फुगीर दिसतो. लाटांवर हलणाऱ्या होडीचे नाव किनाऱ्यावरून वाचणे आणि मोबाइलच्या कोपऱ्यातले तांदळाएवढे अक्षर वाचणे यांत मला फारसा फरक वाटत नाही. गोल अक्षरांची पोटे आधी भरून येतात, मग B चा आठ होतो आणि G चा C होतो.

दुसरे म्हणजे अक्षरांमधली जागा. मी V नंतर A रंगवतो तेव्हा A ला V च्या पंखाखाली सरकवतो, नाहीतर दोघांमध्ये खिंडार पडते. L नंतर T आला तर आणखी वाईट, कारण L चा वरचा उजवा भाग आणि T चा खालचा डावा भाग, दोन्ही रिकामे. भाच्याच्या मोबाइलवर पाहिले तर गेममध्ये अक्षरे अशी सरकवलेली नसतात. म्हणून टॅग कागदावर लिहून निवडू नये, गेममध्येच टाइप करून पाहावा.

तर्कट (पनवेल)

पंधरा अक्षरांतून I काढला की चौदा उरतात. चौदाचा चौथा घात ३८,४१६ होतो, तर सव्वीस अक्षरांचा चौथा घात ४,५६,९७६ होतो. म्हणजे केवळ सरळ रेघांचा हट्ट धरल्यावर नव्वद टक्क्यांहून अधिक पर्याय आपण आपल्या हाताने फेकून देतो. वेगळेपणा हवा असेल तर हा सल्ला उलटा आहे.

रूम_होस्ट (रत्नागिरी)

गणित बरोबर, निष्कर्ष अर्धा बरोबर. त्या साडेचार लाखांमध्ये XQJW सारखे टॅग बहुसंख्य आहेत आणि ते कोणी घेत नाही, कारण ते माइकवर उच्चारता येत नाहीत. गर्दी होते ती शब्दांसारख्या दिसणाऱ्या थोड्याशा टॅगवर, त्यातही इंग्रजी शब्दांवर: KING, DARK, VIPR, TOXC. एकमेवपण अक्षरांच्या संख्येतून येत नाही, ते शब्द कुठल्या पेठेतून उचलला यावर अवलंबून असते. इंग्रजी सोडून आपल्या बोलीत शिरलात की गर्दी एकदम कमी होते.

मोरीवाला (मालवण)

बोलीचाच विषय निघाला आहे तर MORI घ्या. शार्कपेक्षा धारदार काय असणार?

सदाशिव_पेठी (पुणे)

आमच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासण्याची जागा. "मोरीने तिघांना मारले" असे समालोचकाने म्हटले तर आम्ही नक्की काय समजावे?

मोरीवाला (मालवण)

तुम्ही घसरून पडलात असे समजावे.

तुळशीवृंदावन (सावंतवाडी)

रोमन लिपी हवीच कशाला? देवनागरीत टॅग लावला तर तो हमखास वेगळा दिसेल. माझी सूचना: "नाखवा".

कोडवाला (अलिबाग)

सूचना आकर्षक आहे, परंतु त्यात दोन अडचणी आहेत. आपण "नाखवा" तीन अक्षरांचा समजतो, पण यंत्र न, काना, ख, व, काना अशी पाच चिन्हे मोजते. प्रत्येक मात्रा, अनुस्वार आणि हलन्त स्वतंत्र मोजला जातो. "दर्या" हा दोन अक्षरांचा शब्दसुद्धा पाच चिन्हे खातो. "कोळी" बरोबर चारांत बसतो.

दुसरी अडचण मोजणीपेक्षा मोठी आहे. काही गेम-इंजिनांमध्ये देवनागरीची जुळणी नीट होत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे जायला हवी, ती उजवीकडेच राहते, आणि जोडाक्षराऐवजी पाय मोडलेली अक्षरे सुटी सुटी दिसतात. "दर्या" लिहिलेत तर रफार वर चढणार नाही आणि र पाय मोडून मध्येच उभा राहील. त्यामुळे देवनागरीच हवी असेल तर ज्यात ना वेलांटी ना जोडाक्षर असा शब्द घ्यावा. "गलबत" हा मला सापडलेला सर्वांत सुरक्षित शब्द आहे: चार अक्षरे, चार चिन्हे, एकही मात्रा नाही, त्यामुळे मोडण्यासारखे काही नाही.

शिडाची_होडी (देवगड)

गलबत! हे मी फुकट रंगवून देईन.

रूम_होस्ट (रत्नागिरी)

गलबत मलाही आवडले, पण स्पर्धेसाठी मी सुचवणार नाही. राज्याबाहेरच्या आयोजकाला ते टाइप करता येणार नाही, शोधता येणार नाही आणि तो तक्त्यात "ती हिंदीवाली टीम" असे लिहील. नक्षीदार अक्षरे बनवून देणाऱ्या संकेतस्थळांवरून उचललेल्या टॅगची गतही तीच होते. 𝓚𝓘𝓛𝓡 असे लिहिलेले तुम्हाला छान दिसते, पण शोधपेटीत KILR टाइप केल्यावर ते सापडत नाही आणि जुन्या फोनवर चार रिकाम्या चौकटी दिसतात. मित्रांच्या लॉबीसाठी गलबत, नोंदणीसाठी साधी रोमन अक्षरे, असे दोन्ही ठेवता येईल.

हर्णैकर (दापोली)

मी हर्णै बंदरावरची. आमच्याकडे लिलावात रोज टोपल्या मांडतात त्यांतले दोन शब्द मला सुचतात.

पहिला GHOL. घोळ मासा मोठा असतो आणि त्याच्या पोटातल्या पिशवीला इतका भाव मिळतो की जाळ्यात घोळ लागला तर होडीवर आरडाओरडा होतो.

दुसरा VAKT, म्हणजे वाकटी. ज्यांनी ती फक्त सुकवलेली पाहिली आहे त्यांना ती वाळलेल्या पट्टीसारखी आठवत असेल, पण ताजी वाकटी हातात घेऊन पाहा. हातभर लांब, खवले नाहीत, अंगभर चांदीचा मुलामा, शेपटीकडे निमुळती होत दोऱ्यासारखी संपते आणि तोंडात सुयांसारखे दात असतात. हाताळली की ती चांदी बोटांना लागते. शिडाची_होडी दादांच्या यादीत पाहिले तर V, A, K, T ही चारही अक्षरे सरळ रेघांची आहेत.

मोरीवाला (मालवण)

GHOL घ्याच. आमच्या स्क्वॉडचे वर्णनही त्यातच झाले असते.

समुद्रपक्षी (मालवण)

हर्णैकर ताई, मनापासून आभार. आमचा देवगडचा गडी GHOL वर अडून बसला आहे, कारण "आम्ही घोळ घालतो" हे वाक्य त्याला आत्ताच पाठ झाले आहे. वेंगुर्लेकराने KHEK सुचवला आहे, म्हणजे खेकडा. त्याचीही चारही अक्षरे सरळ आहेत आणि दोन्ही टोकांना K आहे. रूम_होस्ट दादा, या तिघांची पारख कशी करावी?

तर्कट (पनवेल)

खेकड्यांचा स्क्वॉड म्हणजे एक वर चढू लागला की उरलेले तिघे त्याचा पाय धरणार.

रूम_होस्ट (रत्नागिरी)

मी नवीन स्क्वॉडला जे करायला सांगतो तेच लिहितो. बिनमहत्त्वाच्या खात्यावर टॅग लावा, एक सामना खेळा आणि किल फीडमध्ये नाव आले की स्क्रीनशॉट घ्या. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून दुसऱ्याला पाठवा आणि टॅग ठाऊक नसलेल्या व्यक्तीला हातभर अंतरावरून एकदाच दाखवून, फोन उलटा करून, काय वाचले ते लिहायला सांगा. पाच जणांपैकी एकानेही वेगळे लिहिले तर तो टॅग माझ्या लेखी बाद. नंतर तोच टॅग फोनवर उच्चारून दुसऱ्या पाच जणांना लिहायला सांगा. डोळ्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन कानाच्या परीक्षेत आपटणारे टॅग पुष्कळ असतात.

KHEK बद्दल एक इशारा देतो. गेमिंगमध्ये "kek" हा जुना शब्द आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एका पक्षाने lol टाइप केले की विरुद्ध पक्षाला ते kek दिसे, तिथून तो हसण्याचा शब्द झाला आणि पुढे परदेशी मंचांवर त्याला राजकीय रंगही चढला. तुमचा KHEK लोकांना त्या शब्दाचे चुकलेले स्पेलिंग वाटेल.

आणखी एक जागा तपासावी लागते, ती म्हणजे टॅग आणि नाव यांचा सांधा. KHEK नंतर नाव K ने सुरू झाले तर KHEKKUNAL असे होते आणि शिक्का कुठे संपला ते कळत नाही. शिवाय शिवीगाळ रोखणारी चाळणी दोन्ही जोडून वाचते, त्यामुळे निरुपद्रवी टॅग आणि निरुपद्रवी नाव मिळून नको ते इंग्रजी शब्द तयार होऊ शकतात.

निवांत_काका (चिपळूण)

या चाळणीचा मलाही अनुभव आहे. शितावरून भाताची परीक्षा, या म्हणीवरून मी एका खेळात "शीत" हे नाव रोमन लिपीत लिहिले. ते का नाकारले गेले हे मला माझ्या मुलीने समजावून सांगितले आणि मग घरात दोन दिवस माझी चेष्टा चालू होती.

सदाशिव_पेठी (पुणे)

काका, या धाग्यावरचा हा सर्वोत्तम प्रतिसाद आहे.

समुद्रपक्षी (मालवण)

चार दिवसांनी निकाल घेऊन आलो आहे. KHEK आम्ही आधीच सोडला. उरलेल्या दोघांची परीक्षा दादांनी सांगितल्याप्रमाणे घेतली.

GHOL डोळ्यांच्या परीक्षेत पाचपैकी तिघांनी बरोबर लिहिला. एकाने CHOL लिहिला आणि एकाने GH0L असा मध्ये शून्य घातला. कानाच्या परीक्षेत तर दोघांनी GOAL लिहिला, आणि तो शब्द डोक्यात बसल्यावर आम्हालाही तेच ऐकू येऊ लागले.

VAKT डोळ्यांच्या परीक्षेत पाचही जणांनी बरोबर लिहिला. V आणि A यांच्यामध्ये शिडाची_होडी काकांनी सांगितलेले खिंडार पडते, पण ते एवढे नाही की शब्द तुटावा. कानाच्या परीक्षेत मात्र वेगळीच अडचण निघाली. पाचांपैकी दोघांनी WAQT लिहिले. आम्ही "वाकट" म्हणत नव्हतो, "वक्ट" म्हणत होतो, आणि त्यांनी तो हिंदीतला "वक़्त" समजला.

तर्कट (पनवेल)

म्हणजे वेगळेपणा संपला. ज्याला वाकटी माहीत नाही, म्हणजे कोकणाबाहेरचे जवळजवळ सगळे, तो हा टॅग "वेळ" असाच वाचणार. रूम_होस्ट यांच्या पेठेच्या सिद्धांताप्रमाणे तुम्ही आता मराठीच्या पेठेत नसून हिंदीच्या भर बाजारात आहात.

हर्णैकर (दापोली)

मला हे तितके गंभीर वाटत नाही. NAVI हा मूळ लॅटिन शब्दांचा संक्षेप आहे, पण आमची आजी तो "नवी" असाच वाचेल आणि त्यात NAVI चे काहीही बिघडत नाही. ज्याला जे वाचायचे ते वाचू द्या, लिहिताना चार अक्षरे तीच आली म्हणजे झाले.

रूम_होस्ट (रत्नागिरी)

लिहिताना तीच येत नाहीत, ताई, हाच तर त्या कानाच्या परीक्षेचा निकाल आहे. पण स्पर्धेची नोंदणी लिखित होते आणि तक्ता डोळ्यांनी भरला जातो, त्यामुळे डोळ्याच्या परीक्षेला मी दुप्पट वजन देतो. समुद्रपक्षी, गेमच्या शोधात VAKT आणि WAQT टाकून पाहिलेत का? आणि ज्या आयोजकांकडे खेळणार आहात त्यांच्या जुन्या तक्त्यांत हे टॅग आहेत का, हेही पाहा. जगात कुठेतरी VAKT असणारच. तुमच्या सोळा स्क्वॉडच्या लॉबीत तो दुसरा नसावा, एवढेच तुम्हाला साधायचे आहे.

समुद्रपक्षी (मालवण)

पाहिले. VAKT ने सुरू होणारी दोन खाती सापडली आणि दोन्ही बऱ्याच काळापासून बंद दिसतात. WAQT वाली पुष्कळ आहेत. आयोजकांच्या मागच्या तीन तक्त्यांत यांपैकी काहीच नाही. नोंदणीचा अर्ज आज VAKT या टॅगने भरला. टॅग मोठ्या अक्षरांत आणि पुढचे नाव छोट्या अक्षरांत लिहायचे असे ठरले आहे, म्हणजे सांधा दिसेल आणि मध्ये चिन्ह घालून पंधरावे अक्षर शोधावे लागणार नाही. आमच्या देवगडच्या मित्राने मत बदललेले नाही. तो स्वतःच्या नावातच घोळ घालणार आहे: VAKTghol.

मोरीवाला (मालवण)

शेवटी चारापैकी एकाने तरी शहाणपणा दाखवला.

शिडाची_होडी (देवगड)

भाचा विचारतो आहे की छोट्या अक्षरांतला l पुन्हा I सारखा दिसणार नाही का?

रूम_होस्ट (रत्नागिरी)

दिसेल. पण तो त्याच्या नावात आहे, टॅगमध्ये नाही. किल चुकले तर त्याचे एकट्याचे चुकतील.